कुजलेली जुडी कुणाच्या खाती?

आमच्या घरात भाजीचे तीन पक्ष आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, आठवडी बाजाराचे. बायको दारावर येणाऱ्या गाड्याची. आणि पुण्याला असलेली धाकटी बहीण मोबाईलमधल्या दहा मिनिटांच्या ॲपची. ती आता हिंगोलीची मतदार राहिलेली नाही, पण प्रचाराला रोज रात्री व्हिडिओ कॉलवर हजर असते. मी अपक्ष. अपक्षाच्या वाट्याला जे काम येतं तेच माझ्या वाट्याला आलं: हिशेब ठेवायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या.

अण्णांचा पक्ष सगळ्यांत जुना. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हापासून ते या बाजारात जातात. १९९९ साली जिल्हा वेगळा झाला, कलेक्टर आले, एसपी आले, पण अण्णांच्या मते प्रशासनात फारसा फरक पडलेला नाही, कारण वांग्याचा भाव आजही संध्याकाळीच उतरतो. म्हणून ते बाजारला सकाळी जात नाहीत. सकाळचा बाजार नोकरदारांचा, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः आयुष्यभर नोकरदार होते ही गोष्ट वेगळी.

या संध्याकाळच्या बाजाराचं एक गणित आहे आणि ते खरंच शिकण्यासारखं आहे. नर्सीकडून, सेनगावकडून, कायाधूच्या काठच्या खेड्यांतून माळवं घेऊन आलेल्या बाईला सकाळी घाई नसते. ती भाव धरून बसते. दुपारी जरा सैल होते. दिवस कलला की तिच्यापुढे दोन गोष्टी उभ्या राहतात: गावाकडे निघालेला टेम्पो आणि पोत्यावर उरलेला माल. तो परत न्यायचा तर टेम्पोवाला भाडं मागणार, आणि उद्या त्या गावात वांगी घेणार कोण? तिथं तर सगळ्यांच्याच शेतात वांगी. थंड ठेवायची सोय नाही. म्हणजे त्या वेळी तिच्या दृष्टीनं मालाची किंमत शून्याकडे निघालेली असते, आणि अण्णा नेमके त्या वेळी, पिशवीची घडी काखेत मारून, आपल्याला भाजी घ्यायचीच नाहीये असा चेहरा करून तिथून चाललेले असतात.

"कशी दिली वांगी, बाई?"

"धाला पाव. घ्या, काटेरी हायेत, आजच तोडलीत."

"अन् समदीच घेतली तर?"

बाई ढिगाकडे बघते, टेम्पोकडे बघते, मग अण्णांकडे बघते. "तीस द्या अन् उचला. बोहनीच्या टायमाला आलं असतं तर हात लावू दिला नसता."

घरी काट्यावर ठेवली तर चांगली दोन किलो भरली, वर तिनं घातलेल्या दोन मिरच्या वेगळ्या. पंधरा रुपये किलोची वांगी! अण्णा उंबऱ्यातूनच भाव जाहीर करतात. त्या दोन किलोंची मागणी घरात कुणी केली होती, हा प्रश्न त्या वेळी विचारायचा नसतो.

बायकोचा पक्ष सकाळी नऊला दारात येतो. गाड्यावर लाऊडस्पीकर, त्यात रेकॉर्ड केलेला आवाज, आणि त्या आवाजाशी काहीही संबंध नसलेले, मनानं अत्यंत शांत असे बागवान चाचा. ते पहाटे बीटावर जातात, लिलावात कॅरेट घेतात, माल गाड्यावर मांडतात, आणि दुपारपर्यंत आठ-दहा गल्ल्या फिरतात. त्यांच्याकडे वांगी दहाला पाव, म्हणजे चाळीस रुपये किलो. बायको पाव किलोच घेते. एकेक वांगं हातात घेऊन, देठाची टोपी हिरवी आणि घट्ट आहे का, अंगावर बारीक भोक आहे का, आकाराच्या मानानं जड तर लागत नाही ना (जड वांगं बियांनी भरलेलं असतं) हे सगळं पाहून घेते. चाचा म्हणतात, "भाभी, शादी करना है क्या बैंगन की?" आणि वर कढीपत्त्याची काडी टाकतात.

चाळीस आणि पंधरा. या दोन आकड्यांवर आमच्याकडे जेवणं झाली आहेत आणि काही जेवणं राहिलीही आहेत. अण्णा म्हणत, दारावरची भाजी म्हणजे दिवसाढवळ्या लूट. बायको म्हणे, तुमची स्वस्त भाजी गाय खाते. शेवटी जानेवारीतला एक आठवडा मी स्वयंपाकघरात वही आणि काटा घेऊन बसलो. काय आलं, काय पोटात गेलं आणि काय बाहेरच्या गाईपुढे गेलं, तिन्हींची नोंद केली. अण्णांना हा प्रकार आवडला नाही. त्यांच्या आयुष्यात ऑडिट बऱ्याच वेळा झालं होतं, पण मेथीचं कधी झालं नव्हतं.

मेथीपासूनच सुरुवात करू. बाजारात वीस रुपयांच्या चार जुड्या आल्या. दारावर एक जुडी दहाला. पहिली जुडी त्याच रात्री झाली, दुसरी तिसऱ्या दिवशी. तिसरी पिवळी पडली आणि चौथी फ्रीजच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, स्वतःच्याच पाण्यात बसून काळी झाली. बाजारातल्या मेथीवर दुपारभर पाणी शिंपडलेलं असतं. ती तजेलदार दिसते, पण तशीच ओली पिशवीत कोंबली की देठाच्या बुडाकडून सडत येते. आता दारावरून ताजी घेतली असती तर आठवड्याला दोन जुड्या लागल्या असत्या. खर्च वीस रुपये. म्हणजे दोन्हीकडे वीसच रुपये गेले आणि दोन्हीकडे दोनच जुड्या पोटात गेल्या. निम्म्या भावाची मेथी आणि दुप्पट भावाची मेथी शेवटी एकाच भावाला पडली. फरक म्हटला तर एवढाच, की बाजारच्या वीस रुपयांत गाईचंही झालं.

यातून एक सोपा आडाखा निघाला. बाजारचा भाव दारावरच्या भावाच्या निम्मा असेल, तर निम्मा माल कुजेपर्यंत तुम्ही फायद्यात, त्यापुढे तोट्यात. बाजारात वीस आणि दारावर तीस असेल, तर एक तृतीयांश कुजायला परवानगी. अण्णांनी हा आडाखा ऐकला आणि विचारलं, "म्हणजे कांद्याचं काय?"

हा प्रश्न मात्र त्यांच्या बाजूचा होता. पाच किलो कांदा बाजारात शंभरला आला, दारावर त्याचे दीडशे झाले असते. कोपऱ्यात टोपलीत पसरून ठेवला तर महिनाभर त्याला काही होत नाही. एखाद-दुसरा मऊ निघतो. बटाटे दोन किलो, बाजारात चाळीस, दारावर साठ. त्या दोघांवर मिळून सत्तर रुपये सरळ वाचले, आणि इथं बायकोलाही काही बोलता आलं नाही. वांग्यांतली सव्वा किलो पोटात गेली. काही किडकी निघाली, शेवटची गळपटली, त्यांच्या बिया काळ्या झाल्या. दारावर तेवढ्यांचे पन्नास झाले असते, इथं तीसच गेले. भेदरं दोन किलो तीसला, त्यातली दीड किलो वापरली गेली, उरलेली ढिगातल्या खालच्या थरात दबून फुटली होती. दारावर तीस रुपये किलोनं दीड किलोचे पंचेचाळीस. फुलकोबीचे तीन गड्डे तीसला, पैकी दोन खाल्ले, दारावर दोनांचेच चाळीस. मिरची दहाची, तीच दारावर पंधराला.

बेरीज केली. अण्णांचा बाजार दोनशे साठ रुपयांचा. जेवढं प्रत्यक्ष खाल्लं तेवढंच चाचांकडून घेतलं असतं तर तीनशे ऐंशी. एकशेवीस रुपयांचा फायदा. अण्णांनी वही माझ्या हातातून घेऊन तो आकडा बायकोला दाखवला, मग शेजाऱ्यांनाही दाखवला.

तेव्हा बायकोनं अगदी सौम्य आवाजात विचारलं, "अन् जिलबी?"

बाजारला गेलेला माणूस हिंगोलीत मोकळ्या तोंडानं परत येत नाही. गरम भजी वीसची, चहा दहाचा, घरच्यांसाठी पाव किलो जिलबी चाळीसची, आणि स्कूटरचं पेट्रोल धरा दहाचं. ऐंशी रुपये. ते वजा केले की फायदा राहिला चाळीस. आणि कांदा-बटाट्याचे सत्तर बाजूला काढले, तर हिरव्या भाजीवर वाचलेले पन्नास रुपये जिलबी-भज्यांनी खाऊन वर तीस रुपये अंगावर आले. अण्णांचं म्हणणं असं की जिलबी हा भाजीचा खर्च नव्हेच. बायकोचं म्हणणं, भाजीला गेला नसता तर जिलबी आली असती का? हा वाद अजून प्रलंबित आहे. जिलबी मात्र दोन्ही बाजूंनी खाल्ली.

पण वही चाळताना मला भावापेक्षा वेगळीच गोष्ट दिसायला लागली. भाजी कुठूनही घ्या, तिच्यातला काही भाग सडतोच. प्रश्न एवढाच की तो कुणाच्या घरी सडतो. बाजारात बाई आपल्या मालातली सड तुमच्या पिशवीत घालून देते आणि त्याबद्दल भावात सूट देते. चाचांच्या गाड्यावर ती सड गाड्यावरच होते. दुपारी उरलेला पालक ते स्वतः टाकून देतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या दहाला पावमध्ये त्या पालकाचे पैसे असतात. म्हणजे बायको चाळीस रुपये किलोनं फक्त वांगी विकत घेत नाही. कुजण्याची जोखीम चाचांच्या डोक्यावर ठेवण्याचं भाडंही देते. हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की. त्यांना तेवढंच काम आहे, मला छप्पन्न आहेत."

अण्णांच्या पक्षाला एक नैतिक आधार आहे, आणि तो ते वेळप्रसंगी बाहेर काढतात: बाजारात पैसा शेतकऱ्याच्या हातात जातो. त्यात तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ सालच्या एका अभ्यासनिबंधात ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोचे साधारण ३३ पैसे, कांद्याचे ३६ आणि बटाट्याचे ३७ मिळतात असा अंदाज आहे. पोत्यावर बसलेल्या बाईला दिलेली दहाची नोट टेम्पोचं भाडं वजा जाता तिचीच. पण बाजारात बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो. ओळखायची खूण सोपी. ज्याच्यापुढे एक-दोनच जिन्नस, लहानमोठे, मातीसकट, तो बहुधा शेतातून आलेला. ज्याच्यापुढे पंधरा प्रकार ओळीनं, सिमला मिरची आणि गाजरांसकट, तो चाचांचाच भाऊबंद: पहाटे त्याच बीटावर होता, फक्त गल्लीत फिरण्याऐवजी इथं पाल ठोकून बसला. अण्णांची जिच्याकडे वर्षानुवर्षं उठबस आहे ती बाई कोबीही विकते आणि बीटही. मी हे अजून अण्णांच्या कानावर घातलेलं नाही.

माझी आजी असती तर तिला आमचं हे ऑडिट समजलंच नसतं. तिच्या काळी बाजारातून दोन-दोन टोपल्या माळवं यायचं आणि त्यातलं काहीही वाया जायचं नाही. खाणारी तोंडं बारा-तेरा. गोठ्यात दोन म्हशी, त्यांना देठ-साली. आणि त्यावरही उरलं तर गच्चीवर ऊन होतंच. वांग्याच्या फोडी वाळवायच्या, गवार वाळवायची, भेदराच्या चकत्या मीठ लावून खाटेवर पसरायच्या, आणि चैत्र-वैशाखात भाजी महाग झाली की तेच कालवणात घालायचं. आठवडी बाजार त्या घरासाठी बेतलेला होता. आता खाणारी माणसं चार, म्हशी शून्य आणि गच्चीवर पाण्याची टाकी. वाळवणाची जागा फ्रीजनं घेतली, पण फ्रीज भाजी फक्त दृष्टीआड करतो. उन्हाळ्यात तर हिशेब आणखी बिघडतो. पारा बेचाळीसला गेला की बाजारातून घरी येईपर्यंतच पालकाची मान पडते, आणि आवक कमी असल्यानं संध्याकाळचा भावही फारसा उतरत नाही. तेव्हा मेथीबाबत अण्णांना एकाही जुडीची परवानगी नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आठवडी बाजार बंद झाले, त्या काळात अण्णा चाचांच्या गाड्यापाशी मास्क लावून उभे राहत आणि चाळीसच्या वांग्यांना पंधराचा भाव मागत. चाचांनी तोही काळ शांतपणे काढला.

आता तिसरा पक्ष. बहिणीनं एकदा आम्हाला आधुनिक करायचं ठरवलं. तिच्या ॲपमध्ये आमचा पिनकोड, ४३१५१३, टाकला. ॲपनं नम्रपणे कळवलं की आम्ही लवकरच तुमच्या भागात येत आहोत. अण्णांना हे वाक्य ओळखीचं वाटलं. एवढ्यात गावातल्याच दोन पोरांनी व्हॉट्सॲपवर भाजी पोचवायची सोय काढली. बहिणीनं पुण्यातून आमच्यासाठी यादी पाठवली: बटाटे १, वांगी १, कोथिंबीर १, लिंबं १. संध्याकाळी एक किलो बटाटे, एक किलो वांगी, कोथिंबिरीची एक जुडी आणि एक लिंबू दारात आलं. पोरांचं काही चुकलं नव्हतं. भाजीवाल्याशी बोलताना आपण "लिंबं द्या दहाची" म्हणतो, आणि "दहाची" म्हटल्यावर किती हे तो ठरवतो. यादीला तेवढी अक्कल नसते.

पुण्यात तिचा व्यवहार कसा चालतो हे मी दिवाळीला गेलो तेव्हा पाहिलं. भाजी जवळच्याच एका गोदामातून येते, पाव किलोच्या बंद पिशव्यांत, निवडलेली, पुसलेली. रस्त्यावरच्या भावापेक्षा काही जिनसा महाग, काही चक्क स्वस्त, कारण कांदा-टोमॅटो स्वस्त दाखवले की माणूस ॲप उघडतो. खरा खर्च तळाशी असतो: पोचवण्याचे, हाताळणीचे, छोटी ऑर्डर असल्याचे. पंधरा रुपयांच्या कोथिंबिरीला हे सगळं लागलं की ती पन्नाशीला जाते. ते टाळायला दोनशेची खरेदी करायची. म्हणून कोथिंबिरीबरोबर बिस्किटं, कुरकुरीत काहीतरी आणि एक रूमस्प्रे येतो. अण्णांच्या जिलबीवर हसणारी ही बाई! निदान जिलबी भाव विचारून तरी घेतलेली असते.

नासाडीच्या बाबतीत मात्र तिला खात्री होती की आपण पाव-पाव किलो घेतो, म्हणजे आपल्याकडे काही वाया जात नाही. भारतात घरोघरी माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा आकडा तिनंच अण्णांना ऐकवला होता. मी तिचा फ्रीज उघडला. भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या तीन पिशव्या होत्या. एक हिरवी, एक पिवळी, आणि एक कोथिंबीर होती असं फक्त वरच्या चिठ्ठीवरून कळत होतं. प्रत्येक पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. बाजारला जाणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी निघताना "घरात काय आहे?" असं विचारतो. दारावर गाडा आला की बायको आत एक नजर टाकून बाहेर जाते. दहा मिनिटांत सगळं मिळणाऱ्याला कप्पा उघडून बघायची गरजच पडत नाही. सोफ्यावरून मागवणं जास्त जवळ पडतं. ॲपमधली सड गोदामात होते असं तिला वाटत होतं. थोडी तिच्याही घरी होत होती, फक्त हप्त्याहप्त्यानं.

एक गोष्ट मात्र तिच्या ॲपची अण्णा आणि बायको दोघांनाही जड गेली. खराब निघालेल्या भाजीचा फोटो पाठवला की पैसे परत. चाचा फार तर दुसऱ्या दिवशी एक वांगं वर टाकतात, तेही "भाभी, कल देखके लिये थे ना?" असं विचारून. बाजारातली बाई तर पुढच्या आठवड्यापर्यंत तुम्हाला ओळखतच नाही.

तूर्त घरात युतीचं सरकार आहे. कांदा, बटाटा, लसूण, सबंध भोपळा, हिवाळ्यातली वांगी हे खातं अण्णांकडे. पालेभाजी, कोथिंबीर, भेंडी, आणि उन्हाळाभर जवळजवळ सगळंच चाचांकडे. मेथी आली की न धुता, ओली असेल तर पंख्याखाली वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची, हा माझा एकमेव ठराव मंजूर झाला. अण्णा ढिगाजवळ घुटमळतात, "समदीच घेतली तर?" हे वाक्य त्यांच्या ओठांवर येतं, आणि ते स्वतःला आवरतात. निदान घरी आल्यावर ते असं सांगतात.

मागच्या खेपेला बहीण आली तेव्हा अण्णा तिला बाजारात घेऊन गेले. संध्याकाळीच. पुण्याला परतताना तिच्या बॅगेत पंधरा रुपये किलोची तीन किलो वांगी होती. ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर घेऊन गेली. चार दिवसांनी तिचा फोन आला. अण्णांनी स्पीकरवर टाकला.

"अण्णा, पाच वांगी किडकी निघाली. माझे पैसे परत?"

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "फोटो पाठव. टेम्पो सुटायच्या आधी त्या बाईला दाखवतो."